मला, माझ्याकडे, आमचं

आजच्या विषयाचं नाव जरा अवजड आहे. व्याकरणकार त्याला वियोज्य आणि अवियोज्य स्वामित्व म्हणतात. म्हणजे काही गोष्टी आपल्यापासून सुटू शकतात, काही सुटत नाहीत, आणि भाषा हा फरक आपल्या वाक्यात दाखवते. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, भाषाशास्त्र नव्हे. पण हा विषय आमच्या पदरात पुस्तकातून पडला नाही, एका सोयरीक जमवण्याच्या बैठकीत पडला.

लातूरकडची गोष्ट. मुलीकडची मंडळी बसलेली, आणि मध्यस्थ मुलाची माहिती सांगत होता. मुलाला दोन बहिणी आहेत, दोघींची लग्नं झालीत. मुलाला आठ एकर शेती आहे. गावात घर आहे. मुलाला नोकरी आहे. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, मुलाकडे गाडी आहे, आणि बँकेत थोडे पैसेही आहेत त्याच्याकडे. आम्ही चहाचा कप हातात घेऊन ऐकत होतो. बहिणी, शेती, घर, नोकरी, या सगळ्यांना ‘ला’. गाडी आणि पैसे यांना ‘कडे’. कुणी शिकवलं त्याला हे?

तुम्ही घरी करून बघा. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ठीक. ‘मला दोन हात आहेत’ हेही ठीक. आता ‘मला पाचशे रुपये आहेत’ म्हणा. कानाला खटकतं. फार तर अर्थ असा निघेल की ते पाचशे माझ्यासाठी ठेवलेले आहेत. रुपये ‘माझ्याकडे’ असतात, ‘माझ्याजवळ’ असतात, जुनी माणसं ‘माझ्यापाशी’ म्हणतात. आणि उलट बाजूनं, ‘माझ्याकडे दोन हात आहेत’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्या पिशवीकडे बघू.

अवयवांच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. ‘त्याला पायाला लागलं’ असं आपण म्हणतो. वाक्यात दोनदा ‘ला’ आला, एकदा माणसाला आणि एकदा पायाला, कारण पायाला लागलं म्हणजे त्यालाच लागलं. गाडी ठोकली गेली तर ‘त्याच्या गाडीला लागलं’ म्हणतो. ‘त्याला गाडीला लागलं’ असं नाही म्हणत. गाडीची जखम मालकापर्यंत पोचत नाही, निदान व्याकरणात तरी. तसंच ‘तिने हात धुतले’ म्हटलं की कुणाचे हात, असं कुणी विचारत नाही. ‘तिने भांडी धुतली’ म्हटलं तर कुणाच्या घरची, हा प्रश्न उरतो.

नात्यांत तर हा फरक जिवाचा होतो. लातूरला शिकवण्यांसाठी बाहेरगावची किती मुलं येऊन राहतात ते तुम्हाला ठाऊक आहे. खोल्या भाड्यानं देणारी, डबे करणारी बाई म्हणते, ‘माझ्याकडे सहा मुलं आहेत.’ तिला स्वतःला एकच मुलगी असते. ‘मला एक मुलगी आहे’ आणि ‘माझ्याकडे सहा मुलं आहेत’ ही दोन्ही वाक्यं ती एका दमात म्हणते, आणि ऐकणाऱ्याचा कुठेही गोंधळ होत नाही. ऊसतोडीला आईबाप गेले की गावात मागं राहिलेली आजी तसंच म्हणते, ‘माझ्याकडं तीन लेकरं हायती.’ ती नातवंडं आहेत, परकी नाहीत. तरी ‘कडं’, कारण ती ताब्यात आहेत, सांभाळायला आहेत, हंगाम संपला की जातील.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही त्या भागात गेलो होतो. पत्र्याच्या निवाऱ्याबाहेर एक बाई बसली होती. आम्ही काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, ‘मला तीन लेकरं होती. आता माझ्याकडं भावाचा पोरगा हाय.’ त्या वेळी आमच्या मनात व्याकरण नव्हतं, नसायलाच हवं होतं. पण वाक्य राहिलं. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की ‘माझ्याकडं तीन लेकरं होती’ असं ती म्हणूच शकली नसती. तसं म्हटलं असतं तर ती लेकरं दुसऱ्या कुणाकडे तरी गेली, एवढाच अर्थ झाला असता.

आता हे पहिल्यांदा नीट कुणी मांडलं, तर आमच्याच धंद्यातल्या माणसानं. ल्युसियाँ लेव्ही-ब्रुल हे फ्रान्समधले तत्त्वज्ञ. 1914 च्या सुमारास त्यांनी मेलानेशियातल्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या भाषांविषयी एक निबंध लिहिला. त्या भाषांत नामांचे दोन गट पडतात. एका गटातल्या नामाला ‘माझा-तुझा’ थेट चिकटतो, दुसऱ्यात तो वेगळ्या शब्दानं सांगावा लागतो. फिजी भाषेत ‘तामाङ्गु’ म्हणजे माझा बाप. ‘तामा’ला ‘ङ्गु’ चिकटलाच. पण माझं घर म्हणायचं तर ‘नोङ्गु वाले’. तिथे ‘ङ्गु’ घराला चिकटत नाही, मध्ये ‘नो’ नावाचा एक मध्यस्थ लागतो, आणि ‘ङ्गु’ त्याच्या गळ्यात पडतो. गंमत म्हणजे ‘उलुङ्गु’ म्हणजे माझं डोकं, माझ्या धडावरचं. ‘केङ्गु उलु’ म्हणजेही माझं डोकं, पण ताटातलं, खायचं! माशाचं म्हणा.

लेव्ही-ब्रुल यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की या लोकांची विचार करण्याची रीतच वेगळी, त्यांच्यात माणूस आणि त्याचे अवयव, त्याचे नातलग यांची सरमिसळ असते. तो निष्कर्ष टिकला नाही, आणि टिकायला नकोच होता. लातूरचा मध्यस्थ काही सरमिसळ करत नव्हता. तो चोख हिशेब सांगत होता.

आमच्या न्याय-वैशेषिकांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं हाताळला. त्यांच्याकडे संयोग आणि समवाय असे दोन संबंध आहेत. हातात काठी आहे, हा संयोग. काठी टाकली की तो संपला, हात आणि काठी दोन्ही शिल्लक. पण अवयव आणि अवयवी यांच्यात समवाय, तो एकाचा नाश झाल्याशिवाय तुटत नाही. आम्हाला पुष्कळ दिवस वाटायचं की मराठीतला ‘ला’ म्हणजे समवाय आणि ‘कडे’ म्हणजे संयोग, झालं काम. पण ते जमत नाही. बाप आणि लेक यांच्यात नैयायिक समवाय मानत नाहीत, ती दोन वेगळी द्रव्यं आहेत. आणि आठ एकर शेतीचा तर समवायाशी काहीच संबंध नाही. तरी मराठीनं तिघांना एका ओळीत बसवलं. तेव्हा हे वर्गीकरण तत्त्वज्ञानातून आलेलं नाही. ते इतिहासातून आलं असणार.

तो इतिहास दोन अंगांचा आहे. एक अंग संस्कृत-प्राकृताचं. संस्कृतात ‘माझ्याकडे आहे’ अशा अर्थाचं एकच साधं क्रियापद नाही. ‘त्याचे दोन पुत्र आहेत’ अशीच रचना, षष्ठीची. प्राकृतात चतुर्थी विभक्ती लोपली आणि तिचं काम षष्ठीनं उचललं. ‘मह्यम्’ म्हणजे मला, हे संस्कृतात चतुर्थीचं रूप. प्राकृतात त्याचं ‘मज्झ’ झालं आणि अर्थ झाला ‘माझा’. मराठीत आल्यावर त्याच शब्दाची दोन लेकरं झाली. एक ‘मज’, म्हणजे मला. दुसरं ‘माझा’. आपण ‘मज’ आणि ‘माझा’ वेगळे समजतो, पण ती सख्खी भावंडं आहेत. ‘त्यास दोन पुत्र होते’ असं जुन्या मराठीत लिहिलेलं असतं, त्यातला ‘स’सुद्धा प्राकृतातल्या षष्ठीच्या ‘स्स’वरून आला, असं झ्यूल ब्लॉक यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या इतिहासात दाखवलं. म्हणजे ‘त्यास दोन पुत्र’ हा ‘त्याचे दोन पुत्र’चाच वंशज. ‘ला’ प्रत्यय पुढे रुळला आणि त्यानं ‘स’ची जागा घेतली, पण घर तेच.

‘कडे’ आणि ‘पाशी’ मात्र वेगळ्या कुळातले. कड म्हणजे बाजू. ‘पाशी’ पार्श्वावरून आला, पार्श्व म्हणजे कूसबाजू. हे दोन्ही मुळात जागा सांगणारे शब्द. पैसे माझ्या बाजूला आहेत, एवढंच ते सांगतात. मालकीबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी संस्कृताचा साचा घेतल्यामुळे ‘ला’ विभक्तीच्या प्रकरणात गेला आणि ‘कडे’ शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात. दोन वेगळ्या प्रकरणांत पडल्यामुळे ते शेजारी ठेवून बघायची वेळ शाळेत कधी येतच नाही.

दुसरं अंग शेजाराचं, आणि इथे नांदेड-लातूरकरांनी कान द्यावा. हिंदीत ‘मेरे दो भाई हैं’ म्हणतात, षष्ठी. मराठीत ‘मला’. आता देगलूर-बिलोलीच्या पलीकडची तेलुगू ऐका. ‘नाकु’ म्हणजे मला. भाऊ ‘नाकु’ असतात, आणि पुस्तक ‘ना दग्गर’ असतं, माझ्याजवळ. उदगीर-निलंग्याच्या पलीकडची कन्नड ऐका. भाऊ ‘ननगे’ असतात, मला, आणि पैसे ‘नन्न हत्तिर’, माझ्याजवळ. वाटणी हुबेहूब आपली. इतकंच काय, आपल्याकडची दखनी बोलणारा माणूस ‘मेरेकू दो भायां हैं’ म्हणतो. दिल्लीकर हसेल, पण दखनीनं दख्खनचं व्याकरण घेतलं, बिघडवलं काही नाही.

आणि हा शेजार नकाशावरचा नुसता नाही. 1956 पर्यंत आपण सगळे हैदराबाद राज्यात होतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं. मुधोळ नांदेडमध्ये होतं, ते तिकडे गेलं. भाषावार प्रांतरचनेनं रेघ मारली, पण बाजार, सोयरिकी, मजुरी रेघेच्या दोन्ही अंगांना चालूच राहिली. मराठीचा ‘मला’ द्राविडी शेजारातून आला की प्राकृतातून, असं कुणी विचारलं तर आम्ही म्हणू, बी प्राकृताचं आणि पाणी शेजारचं. एकट्या बियाणावर सोडायचं तर हिंदीतही तेच उगवायला हवं होतं.

तेलुगू आणि कन्नडमध्ये एक फार जुनी वस्तू सापडते, ती इथे दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. कन्नडमध्ये बाप म्हणजे ‘तंदे’, धाकटा भाऊ ‘तम्म’, धाकटी बहीण ‘तंगी’. तेलुगूत बाप ‘तंड्रि’, धाकटा भाऊ ‘तम्मुडु’. सगळ्यांच्या तोंडाशी ‘त’ का? जुन्या तमिळमध्ये याचं उत्तर आहे. तिथे ‘एन्दै’ म्हणजे माझा बाप, ‘नुन्दै’ म्हणजे तुझा बाप आणि ‘तन्दै’ म्हणजे त्याचा बाप. नुसता ‘बाप’ असा सुटा शब्दच नव्हता. कुणाचा तरी बाप, असाच शब्द. पुढे ‘माझा’ आणि ‘तुझा’ वाले शब्द मागं पडले, ‘त्याचा’ वाला उरला, आणि त्यातला ‘तन्’, म्हणजे स्वतःचा, आपला, हा शब्दात कायमचा गोठला. आज कन्नड माणूस ‘नन्न तंदे’ म्हणतो तेव्हा मूळ अर्थानं तो ‘माझा त्याचा बाप’ म्हणत असतो, आणि कुणाला पत्ता नसतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1953 साली द्राविडी नातेशब्दांवर निबंध लिहून ही गोष्ट मांडली. याच एमेनोंनी कोलामीचं व्याकरण लिहिलं. कोलाम आपल्या किनवट-माहूरच्या डोंगरात राहतात.

याच शेजारातून आणखी एक लकब. तेलुगूत एकुलता एक मुलगासुद्धा ‘मा अम्म’ म्हणतो, आमची आई. ‘ना पुस्तकम्’ मात्र माझं पुस्तक. कन्नडमध्येही ‘नम्म अप्प’, आमचा बाप. आणि आपण? ‘आमची माय’, ‘आमचं गाव’, ‘आमचे मालक’, पण ‘माझा चष्मा’. आमच्या घरी सून पहिल्यांदा आली, ती शहरात वाढलेली. ती ‘माझे सासरे’ म्हणाली, तर आमच्या आईनं तिला विचारलं, ‘एकटीचेच का?’ आम्ही इथे बसून आम्ही-आम्ही म्हणतो, ती मोठेपणाची हौस समजू नका, त्यात थोडा या मातीचाही दोष आहे.

आता मूळ कोड्याकडे. बहिणी आणि हात ठीक, पण जमीन ‘ला’च्या ओळीत कशी?

एक हिशेब मांडू. एका शेतकऱ्याच्या नावावर बारा एकर आहे. वय झालं, म्हणून त्यानं पाच एकर शेजाऱ्याला बटईनं दिली. शेजाऱ्याची स्वतःची दोन एकर. आता पहिला म्हणतो, ‘मला बारा एकर आहे, पण माझ्याकडे सातच आहे.’ शेजारी म्हणतो, ‘मला दोनच एकर आहे, पण माझ्याकडे सात आहे.’ दोघांच्या ‘कडे’ सात-सात, दोघांच्या ‘ला’मध्ये दहा एकरांचा फरक. ‘ला’नं हक्क सांगितला, ‘कडे’नं ताबा. गहाणातही तेच. जमीन माझी, पण सावकाराकडे आहे. एक काळजी घ्या मात्र. ‘माझ्याकडे बारा एकर आहे’ असं खुद्द मालकही म्हणतो. ‘कडे’ हक्क नाकारत नाही, त्याबद्दल गप्प राहतो. पण बटईदार ‘मला सात एकर आहे’ म्हणाला, की बांधावर भांडण ठरलेलं.

आपल्या भागात हे भांडण बांधावर थांबलं नाही. हैदराबादचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1950 साली आला, त्यानं संरक्षित कूळ ठरवलं, आणि ज्याच्या ‘कडे’ जमीन आहे त्याला ती ‘ला’ व्हायची वाट उघडली. ज्यांना ‘मला दोनशे एकर’ म्हणायची पिढ्यांची सवय होती त्यांना रात्रीतून आपली जमीन कुणाकडे आहे याची याद करावी लागली. कित्येक कुळांनी दबावापोटी हक्क सोडून दिले, ते वाक्य ‘कडे’वरच राहिलं, आणि नंतर तेही गेलं. सातबाऱ्यावर आजही भोगवटादार वेगळा आणि पीक पाहणी वेगळी. ‘कुणाला आहे’ हे सातमध्ये, पिकाची नोंद बारामध्ये.

जमीन ‘ला’ला जोडली गेली ती वतनाच्या काळात, असं आमचं मत आहे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी हे वतन वंशपरंपरेचं. ते माणसाला मिळण्याआधी घराण्याला असायचं, नाव त्यावरून, मान त्यावरून, लग्नात बसायची जागा त्यावरून. पण वतन न सुटणारं होतं असं मात्र समजू नका. वतनाच्या वाटण्या झाल्या, कर्जापायी वतनं विकली गेली, तशी खतं इतिहाससंशोधकांनी छापली आहेत. म्हणजे व्यवहारात सुटायचं, वाक्यात सुटायचं नाही. आमच्या मते ‘ला’चं खरं काम इथेच आहे. वस्तू सुटते की नाही, हे तो सांगत नाही. ती गेली तर उरलेला माणूस तोच समजला जाईल का, हे सांगतो. म्हणून नोकरी ‘ला’मध्ये येते, पेन्शन येते, आणि सोन्याची साखळी कितीही महाग असली तरी येत नाही.

सरकारनं ‘न सुटणारी’ जमीन कायद्यानं केली ती आदिवासींसाठी. महसूल संहितेत 1974 साली कलम 36 अ आलं, आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. किनवटमध्ये याचं महत्त्व सांगायला नको. पण तिथली फसवणूक कशी चालते ते ऐकलं की पुन्हा आपलं व्याकरण आठवतं. सातबारा आदिवासीच्याच नावावर राहतो. कसणारा दुसरा असतो, वर्षानुवर्षं. ‘ला’ला हात लावायचा नाही, ‘कडे’ तेवढं हलवायचं. तपासायला गेलेल्या माणसानं ‘ही जमीन कुणाची?’ असं विचारलं तर उत्तर बरोबरच येतं. ‘यंदा कुणाकडे आहे?’ असं विचारावं लागतं.

वाटणी हलतेही आहे. ‘मला वेळ नाही’ असं आम्ही म्हणत आलो. आमची नातवंडं ‘माझ्याकडे वेळ नाही’ म्हणतात, जणू वेळ खिशात असते. परवा एका तरुणाच्या तोंडून ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ ऐकलं. इंग्रजी माध्यमात शिकलेला, इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद, त्यामुळे झालं असेल. आम्ही त्याला विचारलं, ‘सध्या राहायला आल्यात का?’ तो म्हणाला, ‘नाही सर, दोघी पुण्याला असतात.’

प्रश्न असतील तर घेऊ. मागं बसलेल्या कुणाला देगलूरकडची तेलुगू येत असेल, तर आमचे उच्चार आधी दुरुस्त करा.